सीएंना पाठवायचा मेल : प्लॉट, पतसंस्था आणि नमुना आठ

"आदरणीय सर, सोबत सर्व कागदपत्रे जोडली आहेत. कृपया रिटर्न भरून घ्यावे व फी कळवावी."

सांगलीतल्या एका अनुदानित शाळेतील शिक्षिकेने ऑगस्ट २०२५च्या पहिल्या आठवड्यात आपल्या करसल्लागारांना पाठवलेला मेल एवढाच होता. खाली एकोणीस जोडण्या होत्या. त्यांतल्या बारा मोबाइलवर काढलेले फोटो होते आणि त्यांची नावे IMG_ ने सुरू होणारी. फॉर्म १६ दोनदा जोडला होता आणि एका पासबुकाच्या पानावर बोटाची सावली पडली होती. प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे, आकडेही हिशोबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. नियम आणि मुदती मात्र त्या वर्षीच्याच आहेत: आर्थिक वर्ष २०२४-२५, आकारणी वर्ष २०२५-२६. विवरणपत्राची मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. पुढे ती आणखी एक दिवस वाढली, पण ऑगस्टमध्ये ते कोणालाच ठाऊक नव्हते.

या मेलमध्ये कागद कमी नव्हते, उलट जास्तच होते. तरी कागदांवरून न कळणाऱ्या तीन गोष्टी त्यात नव्हत्या: कोणते उत्पन्न सरकारी नोंदीत नाही, कोणत्या निर्णयाला तारीख बांधलेली आहे, आणि बाईंच्या नावावर नेमकी किती घरे आहेत. सल्लागाराने हाच गठ्ठा धरून विवरणपत्र भरले असते तर ते वेळेत गेले असते, आणि चुकीचे गेले असते.

बाईंचे वर्ष असे होते. शाळेचा पगार. एका सहकारी बँकेत मुदत ठेव. एका पतसंस्थेत जुनी दामदुप्पट ठेव, ती जानेवारी २०२५ मध्ये पिकली. वाळवा तालुक्यात वडिलांकडून वाटणीला आलेला दीड एकर ऊस. आणि विश्रामबाग भागातला एक बिनशेती प्लॉट, जो ९ ऑगस्ट २०२४ रोजी तीस लाखांना विकला. त्यातले आठ लाख मार्च २०२५ पर्यंत नव्या फ्लॅटच्या बिल्डरला दिले. उरलेले बावीस लाख १ सप्टेंबर २०२४ रोजी पतसंस्थेत साडेआठ टक्क्यांनी, पंधरा महिन्यांसाठी ठेवले. व्याज दरमहा बचत खात्यात.

सल्लागारांनी गठ्ठा परत पाठवला नाही, पण उघडलाही नाही. फोन करून एवढेच सांगितले, "बाई, आधी एआयएस काढा. त्यात काय आहे ते नको, काय नाही ते मला लिहा."

एआयएस म्हणजे आयकर खात्याकडे आपल्याविषयी जमा झालेली वार्षिक माहिती. पोर्टलवर लॉगिन केले की ती दिसते आणि पीडीएफ उतरवता येते. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशा आठ आकड्यांत. फॉर्म २६एएसच्या, म्हणजे कापलेल्या कराच्या नोंदींच्या, फाइलला नुसती जन्मतारीख चालते. बँका आणि इतर संस्था आपली विवरणे ३१ मेपर्यंत भरतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये काढलेले एआयएस अर्धेमुर्धे असते. बाईंनी पहिल्या मेलला जोडलेले एआयएस २० एप्रिलचे होते. त्यात प्लॉटचा पत्ताच नव्हता. ऑगस्टमध्ये पुन्हा काढले तेव्हा दुय्यम निबंधकांकडून आलेली नोंद दिसू लागली. तीस लाख आणि त्यावरचे स्थावर व्यवहार तिथून कळवले जातात. म्हणून मेलमध्ये एआयएस कोणत्या तारखेला उतरवले ते लिहावे लागते.

आता काय नाही ते. सहकारी बँकेचे ४६,२०० रुपये व्याज आणि त्यावरची ४,६२० रुपयांची कपात एआयएसमध्ये बरोबर होती. पतसंस्थेचा एक रुपयाही नव्हता. यात पतसंस्थेची लबाडी नाही. सभासदाला दिलेल्या व्याजावर पतसंस्थेने उगमी कर कापण्याचे बंधन साधारणपणे नसते (फार मोठी उलाढाल असलेल्या संस्थांचा अपवाद सोडून), आणि कपात नाही म्हटल्यावर २६एएसमध्येही नोंद नाही. सांगली-साताऱ्याकडे घरटी एक तरी पतसंस्थेची पावती असते आणि "टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही" हा समज त्या पावतीसोबतच घरात येतो. व्याज करपात्रच आहे. फक्त ते सांगायची जबाबदारी पूर्णपणे आपली.

बाईंच्या बाबतीत ही रक्कम किती होती? बावीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला १५,५८३ रुपये, सप्टेंबर ते मार्च सात महिने म्हणजे १,०९,०८१. दामदुप्पट ठेव जानेवारी २०१७ मध्ये अडीच लाखांची ठेवली होती, ती आठ वर्षांनी पाच लाख होऊन आली, म्हणजे अडीच लाख व्याज. दोन्ही मिळून ३,५९,०८१ रुपये एआयएसच्या बाहेर. पगार ९,८४,००० आणि नवी करपद्धत धरली, उसाचे उत्पन्न तूर्त बाजूला ठेवले, तर ही रक्कम दहा, पंधरा आणि वीस टक्क्यांच्या टप्प्यांतून जाते आणि तिच्यावरच सुमारे ५७ हजार रुपये कर व वर चार टक्के उपकर बसतो.

दामदुप्पट ठेवीत आणखी एक पेच आहे. व्याज दरवर्षी वाढत असते, हातात मात्र शेवटी येते. मागच्या वर्षांत दर वर्षीचे व्याज दाखवले असेल, तर या वर्षी फक्त शेवटच्या वर्षाचा वाटा दाखवायचा. कधीच दाखवले नसेल आणि बाई व्याज हाती आल्यावरच धरत असतील, तर सगळे अडीच लाख याच वर्षी. नुसती पिकलेली पावती पाहून हे सल्लागाराला कळणार नाही. त्यासाठी मागच्या तीन-चार वर्षांची विवरणपत्रे लागतात, आणि ती पहिल्या गठ्ठ्यात नव्हती. पोर्टलवर ती मिळतात. बाईंनी पाहिले तर 'इतर उत्पन्न' या रकान्यात दरवर्षी फक्त बँकेचे व्याज होते.

प्लॉटकडे वळू, कारण खरी घाई तिथे होती.

जमीन २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेली आणि त्या तारखेला किंवा नंतर विकलेली असेल, तर निवासी व्यक्तीचा कर दोन प्रकारे मोजून कमी भरेल तो धरतात: महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा निर्देशांक लावून वीस टक्के. त्याआधी विकलेल्या जमिनीला फक्त वीस टक्क्यांचा मार्ग होता. म्हणून 'कधी विकला' या प्रश्नाचे उत्तर नुसते 'गेल्या वर्षी' असून भागत नाही. साठेखत जूनमध्ये झाले होते, खरेदीखत ऑगस्टमध्ये. ताबा साठेखतासोबत दिला असता तर हस्तांतरण जूनमध्येच झाले असा मुद्दा निघू शकतो, आणि नवे घर घेण्याची मुदतही तेव्हापासून मोजावी लागते. बाईंनी ताबा खरेदीखताच्या दिवशी दिला होता आणि खतात तसे लिहिलेही होते. मेलमध्ये त्यासाठी एक ओळ पुरली.

खरेदी २०१०-११ मधली, मुद्रांक व नोंदणीसह साडेसात लाखांची. त्या वर्षीचा निर्देशांक १६७, विक्रीच्या वर्षीचा ३६३. निर्देशांक लावून खरेदी किंमत १६,३०,२४० होते, नफा १३,६९,७६० आणि वीस टक्क्यांनी कर २,७३,९५२. निर्देशांकाशिवाय नफा साडेबावीस लाख आणि कर २,८१,२५०. फरक फारसा नाही. पण २०१३-१४ मध्ये बाईंनी प्लॉटला कंपाउंड घातले होते, खर्च १,२०,००० रुपये. गवंडी ठेकेदाराची सहीची पावती कपाटात होती, पैसे चेकने दिले होते. ही पावती त्यांनी पाठवली नाही, कारण "ते काय, भिंतच ती." तीच भिंत त्या वर्षीच्या २२० निर्देशांकावरून ३६३ वर नेली की १,९८,००० रुपये होते आणि वीस टक्क्यांच्या हिशोबाने कर ३९,६०० रुपयांनी उतरतो. एका पिवळ्या पडलेल्या पावतीची ही किंमत. सुधारणेचा खर्च रोखीने झाला असेल आणि पावती नसेल तर तो बहुधा सोडून द्यावा लागतो, पण असलेली पावती न पाठवण्याला काही कारण नाही.

खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, म्हणजे इंडेक्स दोनवर, बाजारमूल्य ३२,१०,००० होते, म्हणजे व्यवहारापेक्षा जास्त. फरक दहा टक्क्यांच्या आत असल्याने कर तीस लाखांवरच मोजला जातो. तेहतीस लाखांच्या वर गेला असता तर बाजारमूल्यच विक्री किंमत धरली गेली असती. हे सल्लागार पाहतातच, फक्त त्यांच्या हाती इंडेक्स दोनचे ते पान वाचता येईल असे पडायला हवे.

नवा फ्लॅट घेणार म्हणजे प्लॉटच्या नफ्यावर कलम ५४एफची सूट. इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिले, नफा गुंतवला की झाले असे वाटते. प्लॉटच्या बाबतीत नफा नव्हे, विक्रीची निव्वळ रक्कम पूर्ण गुंतवावी लागते. तीस लाखांतले वीसच गुंतवले तर नफ्याचा दोन तृतीयांशच सुटतो. दुसरे, विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घरात न घातलेली रक्कम 'भांडवली नफा खाते योजने'च्या खात्यात त्या मुदतीच्या आत भरावी लागते. नेहमीच्या ठेवीत असलेले पैसे चालत नाहीत, पुढे त्यांचेच घर घेतले तरी. हे खाते सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत उघडत नाही, अधिकृत बँकेतच उघडावे लागते आणि तेही ग्रामीण शाखेत नाही. बाईंचे बावीस लाख बसले होते पतसंस्थेत, १ डिसेंबरपर्यंत.

पहिल्या मेलमध्ये या ठेवीची पावती होती, तेरावी जोडणी. पण हे पैसे प्लॉटचे आहेत आणि त्यातून घर घ्यायचे आहे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. पावतीवर ते छापलेले नसते.

आणि घरांची संख्या. विक्रीच्या दिवशी नव्या घराखेरीज एकापेक्षा जास्त राहती घरे नावावर असतील तर ५४एफ मिळत नाही. बाई आणि त्यांच्या पतींच्या संयुक्त नावावर एक फ्लॅट होता, तो एक धरला. पण गावाकडच्या वडिलोपार्जित घराच्या ग्रामपंचायत नमुना आठच्या उताऱ्यावर अजून भावासोबत बाईंचेही नाव होते. 'आमचं घर एकच' असे त्या मनापासून सांगत होत्या, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही होते. सामाईक हिस्सा म्हणजे पूर्ण घर की नाही, यावर वेगवेगळे निकाल आहेत. त्या वादात पडायची पाळी येणार की नाही, हे एका कागदावर अवलंबून होते.

दुसरा मेल ११ ऑगस्टला गेला. त्याचा मुख्य भाग असा होता:

"सर, नमस्कार. आकारणी वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र. एआयएस व २६एएस ९ ऑगस्टला उतरवले आहेत.

तारखेचे प्रश्न आधी:
१. प्लॉट ९-८-२०२४ ला ३०,००,००० ला विकला, ताबा त्याच दिवशी. फ्लॅटसाठी बिल्डरला ३१-३-२०२५ पर्यंत ८,००,००० दिले, त्यानंतर काही दिलेले नाही. उरलेले २२,००,००० पतसंस्थेत १-१२-२०२५ पर्यंत ठेवीत आहेत. सूट घेण्यासाठी ही ठेव १५ सप्टेंबरपूर्वी मोडावी लागेल का? मोडली तर व्याज कमी मिळेल, किती ते संस्थेकडून लेखी मागितले आहे.
२. माझ्या व यजमानांच्या नावावर एक फ्लॅट आहे. गावच्या घराच्या नमुना ८ वर माझे नाव दिसते, पण २०१९ मध्ये मी भावाच्या नावे त्या घराचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र केले आहे. उताऱ्यावर नोंद झालेली नाही. हे चालेल का? प्रत भावाकडे आहे, गुरुवारपर्यंत पाठवते.

एआयएसमध्ये नसलेले:
३. पतसंस्था मासिक व्याज १,०९,०८१.
४. दामदुप्पट ठेव, जाने. २०१७ ते जाने. २०२५, व्याज २,५०,०००. मागच्या विवरणपत्रांत कधी दाखवलेले नाही. सगळे याच वर्षी धरायचे का?
५. ऊस ७० टन, बिल २,१७,०००, खर्च अंदाजे ८५,०००. बिल यजमानांच्या खात्यात जमा, सातबारा माझ्या नावावर.

एआयएसमध्ये असलेले व जुळणारे: पगार, सहकारी बँकेचे व्याज, प्लॉट.

अद्याप न मिळालेले: हक्कसोडपत्र, पतसंस्थेचा व्याजदाखला (शाखेने बुधवार सांगितला आहे).

करपद्धत: शाळेने नवी धरली आहे. जुन्यात बसतील अशा रकमा: भविष्य निर्वाह निधी व विमा मिळून १,५०,०००, आरोग्य विमा २२,०००. गृहकर्ज नाही."

पहिल्या मेलच्या तुलनेत जोडण्या कमी होत्या, अकरा. फायलींची नावे मेलमधल्या क्रमांकांप्रमाणे, उदाहरणार्थ `01_Kharedikhat_2024.pdf`, `03_Patsanstha_vyaj.pdf`. खरेदीखत मोबाइलच्या फोटोंऐवजी एका पीडीएफमध्ये स्कॅन केले होते, कारण वीस पानांचे वीस फोटो उलटसुलट येतात आणि जीमेलची पंचवीस एमबीची मर्यादाही ओलांडतात. पासवर्ड मेलमध्ये लिहिले नाहीत, फोनवर सांगितले.

'अद्याप न मिळालेले' ही ओळ पुष्कळ जण गाळतात. ती नसली की सल्लागार समजतो की कागद नाहीतच, आणि आहे त्यावर काम उरकतो.

उसाचा मुद्दा छोटा आहे. शेतीचे निव्वळ उत्पन्न १,३२,००० करमुक्त, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना मिळवले जाते. त्यामुळे ते 'करमुक्तच आहे' म्हणून न सांगणे चुकीचे ठरते. जमीन बाईंची, म्हणून पैसे कोणाच्या खात्यात गेले याने मालकी बदलत नाही. कारखान्याचे दुसरे बिल मार्चनंतर आले असेल तर ते कोणत्या वर्षात धरायचे, हे दरवर्षी एकाच पद्धतीने करावे. बाईंनी ते विचारले नव्हते, सल्लागारांनी विचारून घेतले.

उत्तर दोन दिवसांत आले. दामदुप्पटचे सगळे व्याज याच वर्षी. नवी पद्धतच स्वस्त. व्याजाच्या उत्पन्नावरचा कर आगाऊ भरलेला नसल्याने एप्रिलपासून दरमहा एक टक्का चढतो आहे, म्हणून तो लगेच भरावा. ठेव मोडावी, कारण बिल्डरला दिलेल्या आठ लाखांच्या प्रमाणातली सूट वगळूनही २,३४,३५२ रुपयांच्या करातले सुमारे १,७१,८५८ वाचतात आणि व्याजात जाणारे पैसे त्यापुढे किरकोळ आहेत. हा कर कंपाउंडची पावती धरून, निर्देशांकाच्या पद्धतीचा. आणि हक्कसोडपत्र विक्रीच्या तारखेच्या आधीचे व नोंदणीकृत असल्याने गावचे घर मोजणीत धरायची गरज नाही, उताऱ्यावर नाव राहिले असले तरी. नोंद दुरुस्त करून घेण्याचा अर्ज मात्र ग्रामपंचायतीत आताच द्यावा.

एक गोष्ट दुसऱ्या मेलमध्येही सुटली होती. पतसंस्थेची ठेव बाई आणि पती यांच्या संयुक्त नावावर होती आणि मोडायला दोघांच्या सह्या लागल्या. पती त्या आठवड्यात परगावी होते. सहा दिवस गेले. भांडवली नफा खाते ३ सप्टेंबरला एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शहर शाखेत उघडले, बावीस लाख मुदतठेव प्रकारात ठेवले, आणि आयटीआर-२ ८ सप्टेंबरला भरून आधार ओटीपीने त्याच दिवशी पडताळले.

या खात्यातून पैसे काढताना फॉर्म सी लागतो, पुढच्या वेळी आधीचे कशावर खर्च केले ते फॉर्म डी मध्ये द्यावे लागते, आणि काढलेली रक्कम साठ दिवसांत घरासाठीच वापरावी लागते. खाते बंद करायला फॉर्म जी आणि आयकर अधिकाऱ्याची मंजुरी. विकत घ्यायच्या घराची मुदत विक्रीपासून दोन वर्षे, म्हणजे ऑगस्ट २०२६. बांधायचे असेल तर तीन. त्यात न वापरलेल्या रकमेच्या प्रमाणातला नफा विक्रीला तीन वर्षे पूर्ण होतील त्या वर्षी करपात्र होतो. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या मेलचा पहिला प्रश्न बाईंनी सप्टेंबरमध्येच लिहून ठेवला: "फ्लॅटचा ताबा कधी, आणि बिल्डरशी केलेला करार 'विकत घेणे' धरायचा की 'बांधणे'?"